एका पानाचा खुलासा

भोकरदन तालुक्यातल्या एका खेड्यात मी इंग्रजी शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला संस्थेनं हो म्हटलं तर मी बाई, नाही म्हटलं तर सोयाबीन निंदायला मोकळी. हे आधीच सांगून टाकते. पुढं जे केलं ते हे माहीत असूनच केलं.

संस्थेच्या शाळांसाठी शब्दपुस्तिका काढायचं ठरलं. समन्वयक सरांनी कार्यालयातल्या जाड इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशाच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले आणि एकेका शिक्षकाला एकेक पान पाठवलं. मराठी करून द्यायचं. माझ्या पानावर प्रेझेंट, प्रेझेंटली, प्रिझर्व असे शब्द होते. फोटो तिरपा, शिवणीकडच्या ओळी वाकलेल्या, आणि एका कोपऱ्यात सरांचा अंगठा.

शब्दकोशाचं पान म्हणजे धडा नव्हे, की वाचलं आणि मराठीत सांगितलं. मूळ शब्द इंग्रजीतच राहतो. दोन तिरक्या रेघांमधला उच्चार जसाच्या तसा उतरवायचा, कारण ती चिन्हं कोणत्याच भाषेत बदलत नाहीत. नामाच्या खुणेला 'ना.', क्रियापदाच्या खुणेला 'क्रि.', विशेषणाला 'वि.', क्रियाविशेषणाला 'क्रिवि.' लिहायचं. अर्थही त्याच जातीचा हवा. प्रेझेंट नाम असेल तर 'भेट', क्रियापद असेल तर 'भेट देणे, सादर करणे', विशेषण असेल तर 'हजर'. उदाहरणाचं इंग्रजी वाक्य ठेवायचं आणि त्याखाली असं मराठी वाक्य द्यायचं, जे आपल्या घरात कुणी बोलेल. 'शाळेनं तिला घड्याळ भेट दिलं' हे वाक्य जमल्यावर मी एकटीच हसले होते.

अडलं ते उभ्या रेघेपाशी. उच्चारात अक्षरांच्या वरच्या बाजूला एक इवलीशी उभी रेघ असते. तिच्या पुढच्या तुकड्यावर जोर द्यायचा. प्रेझेंट म्हणजे भेट किंवा हजर असेल, तर रेघ अगदी सुरुवातीला. तोच शब्द 'सादर करणे' झाला की रेघ सरकून 'झेंट'च्या आधी जाते आणि पहिला स्वरही 'प्रि'सारखा होतो. मला हे कॉलेजात कुणी सांगितलंच नव्हतं. ती छपाईची घाण असेल असं मी समजायची. बी.एड.च्या पाठाला मी दोन्हीकडं एकच उच्चार केला तेव्हा मागच्या बाकावरच्या शहरातल्या पोरी तोंडावर ओढणी धरून हसल्या. तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

फोटोत प्रिझर्वला दोन उभ्या रेघा दिसत होत्या. अंदाजानं एक ठेवता आली असती. पण अंदाज करायचा होता तर शब्दकोश कशाला? शनिवारी शाळा सुटल्यावर मी एसटीनं संस्थेच्या कार्यालयात गेले. तिथला लिपिक म्हणाला, "फोटो पाठवला ना मॅडम? मंग कशाला आल्या इतक्या लांब?" मी पुस्तक मागितलं, पान उघडलं, नख फिरवलं. एक रेघ निघून आली. कागदाचा बारीक धागा होता. दुसरी 'झर्व'च्या आधी होती, आणि तिच्या पुढं लांब स्वराचे दोन बारके त्रिकोण, जे फोटोत मला साधे ठिपके वाटले होते. ते उतरवून घेतलं आणि पान वेळेत पाठवलं.

महिन्याभरानं पुस्तिकांचा गठ्ठा आला. पान तीनखाली माझं नाव होतं. पान माझं नव्हतं.

क्रियापद असलेल्या प्रेझेंटपुढं 'वि.' छापलं होतं. क्रिकेटच्या बातमीत भारत वि. अमुक असतं ना, ते विरुद्धवालं 'वि.'. इंग्रजीतल्या व्हर्बच्या 'v.'चं कुणीतरी व्हर्सेस केलं होतं. आणि पुस्तिकेच्या पहिल्या पानावर 'वि. म्हणजे विशेषण' असं ठळक लिहिलेलं. प्रेझेंटलीपुढं क्रियाविशेषणाच्या जागी 'अ‍ॅड.'. अॅडव्हर्बचा अॅडव्होकेट होऊन बिचारा शब्द वकील झाला होता. उच्चार सगळे गायब. आणि घड्याळाच्या वाक्याचं झालं होतं, 'शाळेने तिला घड्याळासह उपस्थित केले.'

मी समन्वयक सरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "छापखान्याच्या फाँटमधी ती चिन्हं चौकोन होऊन राह्यल्ती. मंग फोटोच भाषांतराच्या ॲपमधी टाकला, जल्दी झालं काम."

"सर, क्रियापदाला विशेषण छापलंय. पोरं तेच पाठ करतील."

"अर्थ कळला, बस झालं. आपल्या पोरायला काय करायच्या त्या रेघा? तुम्ही उगंच बारकावे काढून राह्यल्या."

आपल्या पोरायला. म्हणजे शहरातल्या पोरांना रेघा, आमच्या पोरांना चौकोन. त्या क्षणी माझं डोकं असं तापलं की फोन ठेवायचंही भान राहिलं नाही, समोरूनच कटला. हेडसर शेजारीच बसले होते. ते हलक्या आवाजात म्हणाले, "जाऊ द्या ना मॅडम. जून जवळ आलाय." माणूस चांगला आहे, पण त्यांचं 'जाऊ द्या' ऐकून ऐकून या शाळेचं बरंच काही गेलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी आठवीच्या वर्गात पुस्तिका वाटल्या आणि सगळ्यांना पेन्सिली काढायला लावल्या. मी पाठवलेला मूळ मजकूर फळ्यावर लिहिला. 'वि.' खोडून 'क्रि.' कुठं करायचं आणि हजर असलेल्या प्रेझेंटपुढचं 'वि.' का तसंच ठेवायचं, हे त्यांना विचारलं. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, हजर हे कसं हाय ते सांगतंय. देणं हे काम हाय." एवढंच. व्याकरणाची व्याख्या तिला येत नव्हती, फरक येत होता. मग उच्चार लिहिले, रेघा दिल्या, आणि वर्गानं रेघ बघून जोर देत दोन्ही प्रेझेंट इतक्या मोठ्यानं म्हटले की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. माझं नावही आम्ही तिथंच खोडलं. जे मी केलं नाही त्याखाली मी कशाला राहू?

पुढच्या आठवड्यात समन्वयक सर शाळेत आले. एका बाकावरची पुस्तिका उचलून त्यांनी पान तीन उघडलं आणि पेन्सिलीच्या खुणा बघितल्या. ऑफिसात गेल्यावर म्हणाले, "मॅडम, छापील पुस्तक विद्रूप केलं तुम्ही. माफीनामा लिहून द्या, मंग जूनचं बघू."

मी कागद मागितला. हेडसरांनी सुटकेचा श्वास सोडत पेनही दिला.

वर 'माफीनामा' लिहिलं नाही, 'खुलासा' लिहिलं. खाली दोन ओळी. पान तीन मूळ शब्दकोशाप्रमाणे दुरुस्त केले आहे. खात्रीसाठी आपण पाठवलेला फोटो, माझा मूळ मजकूर आणि छापलेले पान सोबत जोडले आहे. सही केली. सरांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि चहा न घेता गेले.

त्याला आता तीन आठवडे झाले. उत्तर आलेलं नाही आणि जूनमध्ये काय होईल ते मला ठाऊक नाही. पण काल मी परत एसटीनं कार्यालयात जाऊन आले. लिपिकानं न विचारताच तो जाड शब्दकोश माझ्यापुढं ठेवला, आणि मी पुस्तिकेतल्या पुढच्या पानाचे शब्द त्यावरून उतरवून घेतले. आज आठवीनं पान चारला पेन्सिल लावली.