साग सोडून सर्व अटी मान्य

खोपोलीच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात मी बारा वर्षं होते. टेंडरं मागवायची, आलेली लावून ठेवायची, कोणाचा कागद कमी आहे ते बघायचं. त्या बारा वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली होती: कम्प्लायन्स स्टेटमेंट कोणी वाचत नाही. ‘आम्ही सर्व अटी वाचल्या, समजून घेतल्या आणि कोणताही फरक न करता मान्य केल्या’ असं एक वाक्य असतं. ते लिहिणारा अटी वाचत नाही आणि घेणारा ते वाक्य वाचत नाही. दोघं सुखात असतात.

नोकरी सोडून मी कर्जतला घरी बसले आणि वर्षभरात कंटाळले. तेव्हा डोंगराखालच्या ठाकूर आदिवासींच्या एका वस्तीतल्या अकरा जणींच्या बचतगटाशी माझी गाठ पडली. त्यांची रानझाडांची रोपवाटिका होती. बिया त्या रानातून स्वतः वेचून आणत. त्यांना रोपं येत होती, पण पत्रं येत नव्हती. मला पत्रं येत होती आणि रोपं लावली की मरत. मी त्यांचा पत्रव्यवहार बघणारी बाई झाले.

रसायनीच्या एका रासायनिक कारखान्याचा ईमेल आला तो असाच एका मार्चमध्ये. कारखान्याच्या हद्दीत हरितपट्टा करायचा होता: देशी झाडांची रोपं द्यायची, लावायची आणि तीन वर्षं सांभाळायची. सोबत शेहेचाळीस पानांची पीडीएफ. फोनवर ती उघडून बघताच मी नाचले. मला हे सगळं पाठ होतं! तांत्रिक प्रस्ताव एका फाइलीत, दर दुसऱ्या फाइलीत, दरांच्या फाइलीला पासवर्ड आणि तो पासवर्ड ते मागतील तेव्हाच द्यायचा. प्रत्येक पानावर सही-शिक्का. ईमेलचा विषय त्यांनी दिला तसाच्या तसा लिहायचा. मुदत शुक्रवारी दुपारी तीन. मी जुन्या पेनड्राइव्हमधून, खात्यात आम्ही पुरवठादारांना द्यायचो तो प्रस्तावाचा नमुना काढला, नाव बदललं, तारीख बदलली आणि गुरुवारी सकाळी छापील गठ्ठा घेऊन सह्यांसाठी वस्तीवर गेले.

गटाच्या अध्यक्षा पंचावन्नच्या आसपासच्या. मी त्यांना मावशी म्हणते, त्या मला बाय म्हणतात. सही त्यांचीच चालणार होती, तसा गटाचा ठराव होता. पेन हातात घेऊन त्यांनी विचारलं, “बाय, ह्या कागदावर काय लिवलंय?”

“की आपण सगळ्या अटी वाचल्या, समजल्या आणि मान्य केल्या.”

“कंदी वाचल्या?”

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

“मावशी, हे असंच लिहायचं असतं.”

“तू वाचल्यास?”

खरं सांगते, मीही नव्हत्या वाचल्या. चाळल्या होत्या. मावशींनी पेनाचं टोपण लावलं. “मग वाच की गं. आमी बसतो. माझी सही मी खोट्यावर नाय करत.”

तर हिरव्या जाळीखाली, रोपांच्या पिशव्यांमध्ये अकरा जणी बसल्या आणि मी शेहेचाळीस पानांचं इंग्रजी मराठीत करून वाचायला लागले. आयुष्यात मी इतकी कधी हसले नव्हते.

वाद झाल्यास लवाद मुंबईत, असं एक कलम होतं. “म्हंजी भांडायला मुंबईला जायचं?” कोणीतरी म्हणालं. “मग भांडायचंच नाय गं. लिव, मान्य.” सर्व रोपं एकसारख्या चार फूट उंचीची असावीत, हे ऐकल्यावर तर एकीने शेजारणीला उभी केली आणि म्हणाली, “ही आन मी येकाच वर्षाची. बग उंची.” शेजारीण तिच्या खांद्याला लागत होती. पुढच्या ओळीत ‘सरासरी’ असा शब्द निघाला तेव्हा कुठे तंटा मिटला. दैवी आपत्तीच्या कलमाला सगळ्यांनी हात जोडले. कारखान्याने देवाला कागदावर घेतलं हे त्यांना फार आवडलं. मी एकेका कलमापुढे ‘मान्य’ लिहीत होते, आणि लिहिता लिहिता मला कळत होतं की बारा वर्षांत मी पहिल्यांदाच एखादं टेंडर वाचते आहे.

मग कलम आलं झाडांच्या यादीचं. कुंपणाकडेला हे, रस्त्याकडेला ते, आणि नदीकडच्या सखल पट्ट्यात साग.

सगळं हसणं थांबलं.

“कुठं?” मावशी म्हणाल्या.

“नदीकडेला. पावसात पाणी साचतं ती जागा, असं लिहिलंय.”

“आन तितं साग?” मावशींनी आजूबाजूला पाहिलं, जणू कोणीतरी चेष्टा करत होतं. “बाय, सागाचे पाय पान्यात ठेवलेस तर कुजतो तो. त्याला उतार पायजे. तितं करंज लाव, अर्जुनसादडा लाव, जांभूळ लाव. पान्यात उभी राहनारी झाडं येगळी.”

“मावशी, आत्ता ‘मान्य’ लिहू. काम मिळालं की बोलू त्यांच्याशी.”

“आन शंभरातली पंच्यान्नव जगली पायजेत हे मगाशी कोन वाचत होतं?”

मी तारखांचं पान काढलं. शंका विचारायची तारीख आठवड्यापूर्वीच उलटून गेली होती. आता एकच वाट होती, परिशिष्ट चार. त्यात फरक नोंदवायचा असतो: कोणतं कलम, काय फरक, का. आणि त्याच पानावर खाली लिहिलं होतं की मोठा फरक असेल तर प्रस्ताव नाकारण्याचा हक्क कारखान्याला आहे. मी खरेदी खात्यात असताना ते परिशिष्ट भरलेलं आलं की आम्ही तोंड वाकडं करायचो. मी हे सांगितलं. अकरा जणींनी एकमेकींकडे बघितलं.

“नाकारू दे,” मावशी म्हणाल्या. “मेलेलं झाड दाखवण्यापरास बरं.”

मी परिशिष्ट भरलं. कलम: झाडांची यादी, नदीकडचा पट्टा. फरक: सागाऐवजी करंज, अर्जुन, जांभूळ. कारण: साचलेल्या पाण्यात सागाची मुळं कुजतात. हे इंग्रजीत करताना मला उगाच हुरूप आला. शेहेचाळीस पानांत पहिल्यांदाच कोणीतरी खरं बोलत होतं!

शुक्रवारी दुपारी सगळं स्कॅन करून मी लॅपटॉप वस्तीवर नेला, कारण मावशींना ‘धाडताना बगायचं’ होतं. रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर येते. अकरा जणी आणि मी चौथऱ्यावर. मी विषय लिहिला, दोन फाइली जोडल्या, जुन्या नमुन्यातून ईमेलचा मजकूर चिकटवला आणि पाठवायच्या बाणावर बोट नेलं. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

“थांब,” मावशी म्हणाल्या. “काय लिवलंस ते वाच.”

“मावशी, वेळ...”

“वाच गं.”

मी भरभर मराठीत सांगितलं: महोदय, आपल्या मागणीनुसार आमचा प्रस्ताव सोबत जोडला आहे, तांत्रिक आणि दरांची फाइल वेगवेगळी आहे, प्रस्ताव नव्वद दिवस ग्राह्य राहील, आम्ही सर्व अटी कोणताही फरक न करता मान्य करतो...

“यात सागाचं कुठं हाय?”

ईमेल म्हणत होता फरक नाही आणि आतलं परिशिष्ट म्हणत होतं फरक आहे. असं टेंडर माझ्या टेबलावर आलं असतं तर मीच ते परस्परविरोधी म्हणून बाजूला टाकलं असतं. घाईने फाइल उघडली. लेटरहेडवरचं, मावशींनी सही केलेलं कम्प्लायन्स स्टेटमेंट बरोबर होतं, ते मी काल वस्तीवरच परिशिष्टाबरोबर नवीन लिहिलं होतं. जुनं वाक्य फक्त ईमेलमध्ये उरलं होतं. ते मी खोडलं आणि लिहिलं: ‘परिशिष्ट चारमध्ये नोंदवलेला एक फरक वगळता आम्ही सर्व अटी वाचून मान्य केल्या आहेत.’ परत मराठीत वाचून दाखवलं.

“आता खरं हाय,” मावशी म्हणाल्या, आणि स्वतःच्या बोटाने तो बाण दाबला.

पंचवीस मिनिटं शिल्लक होती. ईमेल जाईना. निळी रेघ अर्ध्यात अडकली. एकीने सुचवलं उंच धर, म्हणून दोघींनी लॅपटॉप डोक्यावर धरला, हंडा धरावा तसा. मी खालून उड्या मारून पडदा बघत होते. गेला! दोन मिनिटांत आपोआप येणारं उत्तर आलं, ‘आपला ईमेल मिळाला.’ ते यंत्राचं उत्तर असतं हे मी सांगूनही कोणी ऐकलं नाही. एकजण तर पडद्याला ‘बरं बरं, बेस’ म्हणाली.

तीन आठवडे काही नाही. मग कारखान्याचा ईमेल: आपण नोंदवलेल्या फरकाबाबत जागेवर येऊन खुलासा करावा. मावशी आणि मी गेलो. त्यांचा बागकामाचा सल्लागार आणि खरेदीचे एक साहेब आम्हाला नदीकडच्या भिंतीपाशी घेऊन गेले. साहेब इंग्रजीत सुरू झाले. मावशींनी भिंतीवरच्या मातकट रेघेवर बोट ठेवलं. रेघ त्यांच्या कमरेच्या वर होती.

“साहेब, पानी इतवर आलं व्हतं. साग इतं कसा ऱ्हाईल?”

सल्लागाराने रेघ पाहिली, मग साहेबांकडे पाहिलं. “बाकी कोणी हे लिहिलं नाही,” तो म्हणाला. “सगळ्यांनी सगळं मान्य केलंय.”

आणि मग आली ती गोष्ट जिच्यामुळे मी स्वयंपाकघरात एकटी गरगर फिरले. शुद्धिपत्रक! दरांच्या फाइली उघडायच्या आधी, पात्र ठरलेल्या सगळ्यांना पाठवलेलं: नदीकडच्या पट्ट्यात ‘साग’ऐवजी ‘करंज, अर्जुन, जांभूळ’ असं वाचावं, आणि सुधारित दर नव्याने द्यावेत. आमचं नाव कुठेच नव्हतं, नसतंच. पण शब्द मावशींचे होते, त्याच क्रमाने. मी धावत वस्तीवर गेले आणि तो कागद वाचून दाखवला. ज्यांचा आम्हाला धाक वाटत होता त्या मोठमोठ्या रोपवाटिकांनाही आता हेच पान सही-शिक्का मारून परत पाठवायचं होतं, हे सांगितल्यावर मावशींनी तोंडाला पदर लावला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

सगळं काम काही आम्हाला मिळालं नाही. काम दोघांत वाटायचा हक्क कारखान्याने राखून ठेवला होता, तेही कलम आम्ही वाचून मान्य केलं होतं. रस्ता आणि कुंपण पुण्याकडच्या एका मोठ्या रोपवाटिकेला गेलं. नदीकडचा पट्टा आमचा.

लागवडीच्या दिवशी टेंपोत मागे रोपं, रोपांमध्ये बायका, आणि पुढे मी कागद मांडीवर घेऊन. फाटकावर सुरक्षारक्षकाने अकरा पिवळी हेल्मेटं दिली. अंबाड्यावर हेल्मेट बसेना. एकीने अंबाडा सोडून वेणी घातली, दुसरीने हेल्मेटच जरा तिरकं घातलं आणि तशाच सगळ्या चिखलातून नदीच्या बाजूला निघाल्या, एकमेकींकडे बघून खिदळत. मावशी सर्वांत पुढे होत्या, दोन्ही काखांत एकेक करंज घेऊन.