महानंदाच्या यूपीएसची ओरड

त्यो यूपीएसचा डबा बोंबलायला लागला तवाच मी म्हणलं, ह्याचं काय खरं न्हाई. चौसाळ्यात माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून महानंदाचं कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान. लाइट गेली तर कॉम्प्युटर थोडा वेळ चालावा म्हणून टेबलाखाली यूपीएस. पण आता लाइट असतानाबी त्याची टीं टीं थांबंना. अन् लाइट गेली की दोन-चार सेकंदांत पडदा काळा.

"अक्का, भारनियमनानं चार्ज व्हत न्हाई," महानंदा म्हणायची.

"अगं, काल रातभर लाइट व्हती की!"

तिचा नवरा सिद्धलिंग ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांचं काम करायचा. पाण्याची बाटली घेऊनच आला. यूपीएस खोलला, तर आतली बॅटरी सीलबंद, बुचंच न्हाईत, अन् कुशी फुगलेल्या. "पाणी टाकू कुठं?" म्हणाला बिचारा.

बीडहून मेकॅनिक आला. त्यानं मीटर लावला. नुसती असली की बॅटरी धडधाकट दिसायची, भार टाकला की व्होल्टेज धपकन खाली. "ही संपली. नवी गुरुवारी आणतो. तवर घडीघडीला सेव्ह करा, फ्लॉपीवरबी ठेवा."

गुरुवार लई लांब व्हता. म्हाळूबाबा धनगराचं घशाचं ऑपरेशन बुधवारी, औरंगाबादला. डॉक्टर आवाजाची पेटीच काढणार व्हते. बापाआज्ज्याच्या ओव्या त्या एकट्या म्हाताऱ्याला येत व्हत्या. आवाज भरून घ्यायला टेप लावली की गप्प बसायचा. देवाचं गाणं डबीत कोंडायचं न्हाई म्हणायचा. कागदाला त्याची हरकत नव्हती. म्हणून त्यो गायचा, महानंदा टाइप करायची.

"पोरी, हे मधीच रडतंय. माजी ओवी तुटती."

महानंदानं मेकॅनिकला टीं टीं करणाऱ्या बजरची वायर तोडायला लावली.

"येडी का खुळी तू?" मी भडकले. "त्यो वरडतोय म्हणून ध्यान तरी राहतं!"

"चार दिवसांचं काम, अक्का. फ्लॉपी शेवटाला करते."

डबा गप्प झाला अन् म्हाताऱ्याचा आवाज मोकळा झाला. घोगरा, पण काय आवाज व्हता! माझी मशीन थांबायची. महानंदा तर डोळे पुसत टाइप करायची, सेव्ह करायचंबी ध्यानात राहायचं न्हाई.

मंगळवारी दुपारी शेवटची ओवी झाली. म्हाताऱ्यानं हात जोडले अन् बस गाठायला गेला. महानंदानं सेव्ह दाबलं. फाइल लिहिली जात असतानाच लाइट गेली. पडदा काळा झाला.

संध्याकाळी लाइट आली. फाइल काय उघडंना. चार दिवसांचं सगळं त्या एकाच फाइलीत. मेकॅनिकनं गुरुवारी नवी बॅटरी बसवली, फाइलीपुढं हात टेकले. मी तिला लई बोलले, मग जवळ घेऊन रडले.

महिन्यानं म्हाळूबाबा आला. गळ्याला भोक, त्यावर फडकं. कागद मागायला हात पुढं केला. महानंदानं रडत रडत सगळं सांगितलं.

त्यो रागावला न्हाई. खुर्ची ओढून बसला, टाइप कर म्हणून खूण केली अन् पहिली ओवी सुरू केली. ओठ हालत व्हते. महानंदा बटणांवर बोटं ठेवून नुसती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.