बेडपॅनबद्दल आभार

आभाराच्या पत्रांचा मला तिटकारा आहे. नर्सिंगच्या तीन वर्षांत मी ती इतकी पाहिली, की आजही कुणी 'आपल्या मायेच्या छायेखाली' असं लिहिलं की माझं डोकं तडकतं. ज्या छायेखाली पोरींना उभं राहायला नीट जागा नव्हती, तिच्याबद्दल पोरींनीच आभार मानायचे. मानले नाहीत तर बाई उद्धट.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी खुटबावची, पुण्यात नर्सिंग शिकत होते. दुसऱ्या वर्षी आमच्या तुकडीला शिरूरला एका ट्रस्टच्या दवाखान्यात पोस्टिंगला पाठवलं. पोस्टिंग म्हणजे काही आठवडे वॉर्डात राबायचं, इनचार्ज सिस्टरच्या हाताखाली शिकायचं, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून एक आभारपत्र द्यायचं. पत्राच्या दोन प्रती. एक सिस्टरला, एक ट्रस्टच्या कचेरीत. जुन्या तुकडीचं एक पत्र दवाखान्याच्या जिन्यात काचेच्या चौकटीत लटकत होतं. त्यात आधी अध्यक्ष, मग विश्वस्त, मग डॉक्टर, आणि सगळ्यात शेवटी 'व इतर कर्मचारी वर्ग'. रुग्णांचा तर उल्लेखच नव्हता. बहुधा ते तिथे कुणाला दिसलेच नसावेत.

आमची इनचार्ज सिस्टर दौंडची. बुद्धवाड्यातली, हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे ते माहीत नसल्यासारखं वागत होते, म्हणजे दिवसभर त्याचीच कुजबुज. ती उंच होती, आवाज फाटका होता, आणि गोड बोलणं तिला येतच नव्हतं. पहिल्याच दिवशी तिनं आम्हाला रांगेत उभं केलं नि बेडपॅन हातात दिला.

"झाकून न्यायचा. मोरीत गेलं की झाकण उघडायचं आन् बघायचं. रंग, किती, कसं. मग औषध टाकून ठिवायचं, मग वतायचं. न बघता वतला, तर तुमी नर्स न्हाई, नुस्त्या नळ हाय."

एका पोरीनं नाक मुरडलं. ती कासुर्डीकडची, मोठ्या बागायतदाराची लेक. तिचे वडील ट्रस्टमध्ये होते. घरी फुलांच्या गाड्या पुण्याला जायच्या, आणि ही वॉर्डात यायची तेव्हा रुमालाला अत्तर असायचं. "हे आयांचं काम आहे," ती हळूच म्हणाली. सिस्टरनं ऐकलं. "आया बेडपॅन नेते," ती म्हणाली, "पण त्यात काय हाय ते कागदावर तू लिवणार. न बघता काय लिवशील, कपाळ?"

तिथे मी खरोखर शिकले. आया-मावशींनी शिकवलं की बाईला बेडपॅन देताना आधी पडदा ओढायचा, पातळ चादर टाकायची, आणि मग तिच्या तोंडाकडे न बघता खिडकीकडे बघायचं. वॉर्डबॉय मामांनी शिकवलं की जड माणूस उचलायचा नाही, खालची चादर दोन्हीकडून गुंडाळून धरायची आणि चादरीसकट सरकवायचा, म्हणजे आपली कंबर राहते आणि त्याची कातडी. सिस्टर सकाळी रिपोर्ट टेबलाशी बसून घ्यायची नाही. खाटेखाटेशी उभी राहायची आणि रात्रीच्या नर्सला रुग्णासमोर बोलायला लावायची. पाठ दाखवा म्हणायची. पाठीवर एकाच कुशीवर पडून राहिल्याचा लाल डाग दिसला की रात्रीच्या बाईची धडगत नसे.

आमच्या ट्यूटरबाई मात्र आठवड्यातून एकदा पुण्याहून यायच्या. पदर नाकाला. वॉर्डाच्या दारातूनच विचारायच्या, "काय मुलींनो, ठीक ना?" आणि डॉक्टरांच्या खोलीत चहाला जायच्या. शिकवायचा पगार यांना आणि शिकवायचं काम सिस्टरला, अशी ती वाटणी होती.

पाबळची एक नवी लग्न झालेली पोरगी टायफॉइडनं आली होती. टायफॉइडमध्ये ताप चढलेला आणि नाडी त्या मानानं संथ, हे आम्ही पुस्तकात घोकलं होतं. तिच्या तक्त्यावर तापाची रेघ वर आणि नाडीची खाली, अशा दोन्ही शिस्तीत चालल्या होत्या. एक दिवस दुपारी थर्मामीटर काढलं तर ताप उतरलेला. तिची आई हरखली.

"उतरला व माझ्या लेकीचा ताप! बाई, तुमच्या हाताला गुण हाय. आता दुधात भाकर कुस्करून देऊ का?"

मलाही वाटलं, द्या. मी हसलेही. पण नाडी धरली तर ती धावत होती. तेवढ्यात पोरीनं बेडपॅन मागितला. पडदा, चादर, खिडकी. मग झाकून मोरीत नेला, झाकण उघडलं, आणि आत डांबरासारखं काळं. मी बेडपॅन तिथेच ठेवून पळाले.

सिस्टरनं तक्ता बघितला. तापाची रेघ खाली आणि नाडीची वर, दोघींनी एकमेकींना ओलांडलं होतं. "आतड्यातनं रगत जातंय," ती म्हणाली. आईच्या हातातली वाटी काढून घेतली, पोरीच्या तोंडात पाण्याचा थेंबही द्यायचा नाही म्हणाली, पायाकडून खाट विटांवर चढवली आणि डॉक्टरांना बोलावलं. सलाइन लागलं, गाडी आली, पोरगी पुण्याला गेली. पुढं ती बरी होऊन पाबळला परतली. तिची आई मुद्दाम शिरूरला येऊन वॉर्डाच्या उंबऱ्यावर मटकीची पिशवी ठेवून गेली. माझ्या मते तेच खरं आभारपत्र.

याच सुमारास अत्तरवालीनं घरी पत्र धाडलं होतं. तिच्या वडिलांनी ट्रस्टकडे लेखी तक्रार केली: चांगल्या घरच्या मुलींना इनचार्ज सिस्टर भंग्याची कामं लावते, घाणीत डोकं घालायला लावते, तिला वॉर्डातून हलवावं. वर कुणाच्या तरी कानात हेही, की तिला त्याचं काय वाटणार, त्यांच्यातलीच ना. हे आम्हाला शिपायाकडून कळलं. शिपायाला सगळं कळतं आणि तो कुणालाच काही सांगत नाही असं म्हणत सगळ्यांना सांगतो.

ट्यूटरबाईंनी आम्हाला बजावलं, "कुणी विचारलं तर तुम्ही काही पाहिलं नाही. वाद नको." पोरींनी माना डोलावल्या. विश्वस्त विचारायला आले तेव्हा अत्तरवालीच्या वडिलांनी लेकीचं नाव पुढं येऊ दिलं नाही, आणि बाकी पोरी म्हणाल्या, आम्ही फक्त खाटा आवरल्या, औषधं दिली. खोटं बोलून सिस्टरला वाचवत होत्या. माझी पाळी यायच्या आधीच विश्वस्त चहाला उठले, पण माझं रक्त उकळलं. जे काम केल्यामुळे एक पोरगी जिवंत आहे, ते केलंच नाही म्हणायचं? लाजायचं कुणी, आम्ही?

माझं अक्षर चांगलं म्हणून आभारपत्र माझ्याकडे आलं. ट्यूटरबाईंनी जिन्यातलं पत्र दाखवून सांगितलं, "हेच उतरवून काढ." मी नाही उतरवलं. मी लिहिलं:

'आदरणीय सिस्टर आणि वॉर्डातील मंडळी, आम्ही आपले आभार मानतो. रुग्णाला लाज न आणता बेडपॅन कसा द्यावा हे मावशींनी शिकवले. माणूस कसा हलवावा हे मामांनी शिकवले. सिस्टर, बेडपॅन ओतण्याआधी उघडून पाहायला आपण लावले, म्हणून पाबळच्या बाईंचा रक्तस्राव वेळेवर कळला. ताप उतरला तरी आनंद करण्याआधी नाडी पाहावी, हे आम्ही आता कधी विसरणार नाही. हे काम हलके आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एक दिवस आमच्याबरोबर मोरीत यावे.'

शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. अजूनही आवडतं.

पोरींनी न वाचता सह्या ठोकल्या, अत्तरवालीनंही. ट्यूटरबाईंनी अक्षर बघितलं, "छान," म्हणाल्या, आणि तेही न वाचता कचेरीत पाठवलं. आभारपत्र कोण वाचतं? मी मात्र समजत होते, की ट्रस्टमधली ती जाणती माणसं वाचतील आणि तक्रार फाडून टाकतील. अशा माणसांविषयी माझा तेव्हा फारच चांगला समज होता.

वाचलं त्यांनी. अगदी मन लावून वाचलं. आमच्या जबान्यांवर तक्रार पडणार होती, कारण पुरावा नव्हता. आता पुरावा मिळाला, तोही विद्यार्थिनींच्या सह्यांनिशी. सिस्टर मुलींना बेडपॅन उघडून पाहायला लावते हे मुली स्वतःच लिहून देत आहेत, असं सभेत वाचून दाखवलं गेलं. पाबळची पोरगी, काळी विष्ठा, ओलांडलेल्या रेघा, यातलं काहीच त्या शहाण्यांच्या डोक्यात शिरलं नाही. शेवटच्या वाक्यावर तर म्हणे कुणीतरी "उर्मटपणा बघा" म्हणालं. सिस्टरची बदली झाली. ट्रस्टचा दौंडला एक छोटा बाह्यरुग्ण दवाखाना होता, तिथे गोळ्या वाटायला. वॉर्ड नाही, खाट नाही, शिकवायला पोरी नाहीत. मला ट्यूटरबाईंनी खोलीत बोलावून झापलं. सिस्टरबद्दल नाही. जिन्यातलं पत्र का उतरवलं नाही, याबद्दल.

मला वाईट वाटलं का? वाटलं, पण अपराधी नाही. अपराधी वाटायचं ते त्या खुर्च्यांवर बसलेल्यांना, आणि त्यांना तेवढी अक्कल असती तर प्रश्नच नव्हता. त्यातले दोघेतिघे नंतर वॉर्डात भरती झाले असतील. तेव्हा त्यांचा बेडपॅन कुणी उघडून बघितला का, हे मला माहीत नाही. न बघता ओतला असेल तर माझी काही तक्रार नाही.

परीक्षेचा निकाल लागला तेव्हा मी गावी न उतरता तशीच पुढं दौंडला गेले. दवाखाना म्हणजे स्टेशनजवळची एक खोली. सिस्टर खिडकीतून खोकल्याचं औषध देत होती. मी पाया पडायला वाकले तर तिनं खांदा धरून उभं केलं. मी रडायला लागले, पत्राचं सांगायला लागले.

"वाचलंय मी ते," ती म्हणाली. "माझी प्रत हाय माझ्याकडं."

"सिस्टर, माझ्यामुळं तुमाला..."

"तुझ्यामुळं कायबी न्हाई. त्यांना हलवायचंच हुतं, ह्या न्हाई तर त्या कागदावर." मग फाटक्या आवाजात तिनं झापलं, "पण पत्रात चूक हाय. ताप उतरला लिवलंस, नाडी बघावी लिवलंस. किती हुती नाडी? लिवलीच न्हाई."

"एकशे चोवीस," मी म्हणाले. डोळे पुसायचेही राहिले होते.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग खिडकीबाहेरच्या म्हाताऱ्याला बाटली दिली, चमचा कसा घ्यायचा ते दोनदा सांगितलं, आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली,

"मंग झालं तर. वॉर्ड घेतला त्यांनी माझा, दुसरं काय न्हेलं?"