उरलेली लूट कॉल देणाऱ्याची

निघोज्याचा ज्योतीराम चाकणच्या एका कंपनीत लाइनवर सुटे भाग पोचवायचा. पण काय करतोस असं कुणी विचारलं, की गडी ताठ मानेनं सांगायचा, "मी कॉल देतो." त्याची आई शालनबाई कपाळाला हात लावायची. "कसला मेला कॉल? फोन तर कुणाला लावत न्हाईस!"

आता त्या माउलीला कोण समजावणार? मोबाइलवरचा तो मारामारीचा खेळ. चार-चार जणांचे संघ एका बेटावर उतरतात, सापडतील ती हत्यारं गोळा करतात आणि एकमेकांना संपवतात. शेवटी उरेल तो जिंकला. नकाशावर एक पांढरं वर्तुळ पडतं, वेळ भरली की बाहेरचा निळा पडदा आत सरकायला लागतो, आणि जो बाहेर सापडला त्याचा जीव झिजत जातो. आधी हळूहळू, पुढंपुढं इतका भराभर की मलमपट्टीलाही उसंत नाही. मग त्या वर्तुळाच्या आतच कुठंतरी आणखी लहान वर्तुळ पडतं. कुठं, ते देवालाही ठाऊक नसतं. ज्योतीरामलाही नव्हतं. पण कुठल्या घरात बसलं म्हणजे पुढचं वर्तुळ कुठंही पडो, आपल्याला कमी पळावं लागेल, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. 'आता निघा', 'इथं थांबा' हे तो सांगायचा. तोच त्याचा कॉल.

संघात त्याचा चुलतभाऊ रोहिदास, संत तुकाराम नगरचा आयुष आणि त्याच्या शेजारची मोनिका. आयुषचा नेम असा, की बघत राहावं. सराव त्याच्याच घरी चालायचा, आणि तो ज्योतीरामला सख्ख्या भावासारखं 'भाऊ, भाऊ' करायचा.

स्पर्धेत प्रत्येक संघाची उतरायची जागा ठरलेली असते, उगाच कुणी कुणाच्या जागेवर जात नाही. ह्यांच्या वाट्याला नकाशाच्या कडेची वाडी होती. हत्यारं कुठं ठेवलेली सापडतील त्या जागा गेममध्ये ठरलेल्या, तिथं काय निघेल ते मात्र नशीब. आणि नशीबही सगळीकडं सारखं नाही बरं का. मोठ्या छावणीत घरोघरी लूट, तीही भारी. वाडीत आठ-दहा खोपटी, त्यांत दोन धड बंदुका निघाल्या तरी दिवाळी. बाकीचे संघ नाक मुरडायचे. ज्योतीराम म्हणायचा, "अरे, मुरडू द्या की! थोडं हाय म्हणून लवकर उरकतं. ते छावणीत खिसे भरत बसत्यात, तवर आपण मधल्या पक्क्या घरात जाऊन बसायचं. मग त्यांनी उघड्या रानातून यायचं आणि आपण खिडकीतनं टिपायचं." आणि व्हायचंही अगदी तसंच.

फक्त लूट कमी, तर ती वाटायची कशी? त्यावर ज्योतीरामनंच रीत घातली होती: भारी बंदूक, भारी चिलखत आधी आयुषला, मग मोनिकाला, मग रोहिदासला. उरेल ते कॉल देणाऱ्याचं. "मला कुठं मारायचंय? मला तर बोलायचंय," असं म्हणून हा फाटकं चिलखत घालायचा आणि बहुतेक वेळा सगळ्यात आधी मरायचा. मेल्यावरही आयुषच्या स्क्रीनवर बघून कॉल चालूच.

वाकडच्या मॉलमध्ये मोठी स्पर्धा झाली. तिथं एका नावाजलेल्या संघाच्या व्यवस्थापक विजयश्री मॅडम खेळाडू निवडायला आल्या होत्या. संघात घेतलं की राहणं-खाणं, पगार, सगळं त्यांचं. ज्योतीराम तिशीला टेकलेला. ह्या खेळात तिशी म्हणजे म्हातारपण. ही गाडी चुकली तर जन्मभर लाइनवर ट्रॉली ढकलायची, हे तो ओळखून होता.

शेवटच्या सामन्यात वर्तुळ टेकडीकडं सरकलं. ह्यांचं घर बाहेर राहिलं. मधे नुसतं माळरान, मागून निळा पडदा. ज्योतीराम म्हणाला, "तुमी पळा. मी धुराचे गोळे टाकतो." एकेक गोळा टाकत त्यानं तिघांना धुराआडून टेकडीवर चढवलं आणि स्वतः पडद्यात मेला. टेकडीवर आधी पोचलेल्या आयुषनं वर चढणाऱ्या दोन संघांना टिपून काढलं. सामना जिंकला! पोरांनी आयुषला उचलून घेतलं.

विजयश्री मॅडमनी आयुष आणि मोनिकाला घेतलं. ज्योतीराम पुढं झाला तेव्हा त्यांनी टॅबवर बोट फिरवलं. "तुम्ही एकही मारलेला दिसत नाही. आणि दरवेळी पहिले तुम्हीच जाता."

"मॅडम, मी कॉल देतो. ह्यालाच इचारा की."

आयुषनं बुटाकडं बघितलं. "कॉल तसे... सगळेच देतो आम्ही, मॅडम."

कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं ज्योतीरामला. मॅडम मात्र सरळ बाई. म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात चाकणला स्पर्धा आहे. मी येतेय. आकडे दाखवा, मग बघू."

त्या महिन्यात ज्योतीराम कुणाशी धड बोलला नाही. आयुषचा एक फोन आला, तो त्यानं उचलला नाही. रोहिदासनं कंपनीतले दोघं गोळा केले, संघ उभा केला. तेच खेळणं, तीच वाडी.

चाकणच्या मंगल कार्यालयात, अक्षतांचे दाणे अजून कोपऱ्यात पडलेले, तिथं खुर्च्या मांडून सामने सुरू झाले. आणि बघा नशीब कसं! ज्या वाडीत वर्षभर धड बंदूक निघाली नाही, तिथं पहिल्याच खोपटात सगळ्यात भारी चिलखत निघालं, दुर्बिणीची बंदूकही. ज्योतीरामनं दोन्ही उचललं.

"भाऊ, चिलखत कुणाला?" रोहिदासनं कानात विचारलं.

"मी घातलंय."

रोहिदासनं उरलेलं फाटकं चिलखत चढवलं. लूट उरकली, निघायची वेळ झाली, पण ज्योतीराम निघेना. छावणीवाले रस्त्यानं येत होते, हा झुडपात दबून एकेक टिपत होता. एक पडला. दोन पडले. कसली मजा येत होती म्हणून सांगू! इतकी वर्षं ही मजा दुसऱ्याच्या ताटात वाढत आलो, असं त्याला वाटलं.

"भाऊ, वर्तुळ पडलं. कुठं जायचं?"

तिसरा पडला.

"भाऊ, पडदा आला. सांग की रं! कुठं जायचं?"

एकट्यालाच पुरेल अशी मोटारसायकल त्यानं उचलली आणि कडेकडेनं मारत गेला. रोहिदास आणि कंपनीतले ते दोघं रानात चुकीच्या बाजूला पळाले आणि पडद्यात एकामागोमाग एक मेले. शेवटच्या वर्तुळात ज्योतीराम एकटा, समोर एका संघाचे पुरे चौघं. सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, "डावीकडनं आत या रं..." शेजारी रोहिदासनं हेडफोन काढून टेबलावर ठेवलेला होता. मग त्या चौघांनी ह्याला उडवलं.

पुढच्या सामन्यांत तर सगळेच लवकर गारद झाले; दिवसअखेर संघ खालून दुसरा. पण सगळ्यात जास्त मारले ज्योतीरामनं.

विजयश्री मॅडम हसत आल्या. "हे बघा, असं पाहिजे! सोमवारी वाकडला या."

बाहेर रोहिदासनं गाडीला किक मारली. नेहमी दोघं एकाच गाडीवर घरी जायचे. आज त्यानं मागं वळूनही बघितलं नाही. ज्योतीरामला हाक मारावीशी वाटली, पण काय म्हणून मारणार?

"आणि हां," मॅडम म्हणाल्या, "कॉलची काळजी करू नका. आमच्याकडं कॉल आयुष देतो. तुम्ही फक्त मारायचं."

गाडी फाट्यावरून वळून दिसेनाशी झाली.

"व्हय मॅडम," ज्योतीराम म्हणाला.