दिवाळीच्या भेटीचा तांब्या

निजामाचं राज्य होतं तेव्हा मी धाराशिवजवळच्या एका सरकी-कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होतो. माझ्या वर दिवाणजी. एका दिवाळीला कामगारांना वाटायची मिठाई त्यांनी आपल्या मेव्हण्याच्या दुकानातून आणली. ती खवट निघाली. लेकरांना उलट्या झाल्या. बायका फाटकाशी जमल्या, तेव्हा दिवाणजी जिनिंगचे मालक शेठजींना म्हणाले, "खरेदी या कारकुनानं केली." मी तर फक्त नावांची यादी लिहिली होती. तरी शेठजींनी मला सगळ्यांदेखत हात जोडून माफी मागायला लावली. मी मागितली. त्या दिवसापासून वर्षभर मी वाट पाहत होतो.

पुढल्या दिवाळीला शेठजींनी माणशी तीन हाली रुपये, म्हणजे निजामी नाण्यातले, ठरवले आणि नमुने मागवले. दिवाणजींनी पुन्हा मिठाईचेच डबे आणले. मी सोलापूरहून सुक्या मेव्याची पुडी आणि तांबटाकडून एक पितळी तांब्या आणला. नमुने आत शेठजींच्या गादीवरच बघू, असं दिवाणजींचं म्हणणं होतं. मी शेठजींना म्हणालो, "गेल्या साली बोभाटा झालाय. कामगारांसमोरच बघू, म्हंजी कुणाला बोलायला जागा न्हाय."

शेठजी कबूल झाले. आवारात तराजू मांडला.

मेवा पहिल्यांदा बाद झाला. नाक्यावरची करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात, भरून तीन रुपयांत बदाम-मनुका येत होत्या मूठभर.

"मिठाई बघा, दीड शेर भरते," दिवाणजी म्हणाले. खरंच भरली. मी डबा रिकामा केला आणि नुसता डबाच पारड्यात ठेवला. तळाला पुठ्ठ्याचे तीन थर चिकटवले होते. दीड शेरातला पावशेर पुठ्ठाच निघाला. मिठाई मी तिथल्याच एका म्हातारीपुढं धरली. तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. "ह्ये तूप न्हाय, वनस्पती हाय."

"दुकान कुणाचं?" शेठजींनी विचारलं.

मीच सांगितलं, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं. गेल्या सालचंही तेच दुकान, हेही सांगितलं. इतकं गोड मी आयुष्यात काही बोललो नसेन.

तांब्या पक्का झाला. शंभरावर नग एकदम घेतल्यानं तांबटानं प्रत्येकासोबत फुलपात्रही दिलं. खरेदी माझ्याकडं आली. तिथं मी थांबायला हवं होतं. पण मी शेठजींना म्हणालो, "वाटप दिवाणजींच्याच हातून व्हावं. मोठी माणसं हायत ती."

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी दिवाणजी मान खाली घालून एकेक तांब्या देत होते. एक बाई तांब्या उलटा करून म्हणाली, "बुडाला पुठ्ठा न्हाय न्हवं, दिवाणजी?" सगळे हसले. मी शेजारी यादी धरून उभा होतो आणि एकही नाव घाईनं वाचलं नाही.

नंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. झालं गेलं विसरून त्यांच्या घरी फराळाला जा, असं बायको दरवर्षी सांगायची. मी गेलो नाही.