खाली वाक्य नव्हतं

मी तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यातली नऊ एटापल्लीत. निवृत्त झाल्यावर मुलाकडे ऊर्जानगरला राहायला आले. मुलगा वीज केंद्रात, सून घरी शिकवण्या घेते. मला वाटलं होतं की आता लाल पेन कायमचं सुटलं. पण माझा नंबर जुन्या विद्यार्थ्यांच्या हाती लागला आणि पेन सुटलं तरी दुरुस्ती काही सुटली नाही. कोणाचा अर्ज, कोणाचं भाषण, कोणाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर. सगळ्यांची सुरुवात एकच, "बाई, एवढं तपासून द्या ना." मी वैतागल्याचं दाखवते आणि चष्मा शोधायला लागते. सून म्हणते, "तुम्हाला आवडतं, उगाच नाटक करता." खरं आहे. मला आवडतं.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारचं जेवण आटोपून मी कूलरसमोर बसले होते. एटापल्लीच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा मेसेज आला. ही माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची, विचारलं तरच बोलायची. आता तिचंच लग्न होऊन पंधरा वर्षं झाली. नवरा गावच्या तलावात मासे धरतो, थोडी धानाची शेती आहे, आणि मुलगी आठवी पास होऊन नववीत जाणार होती. मेसेज असा होता: "नमस्कार बाई. खालील वाक्याचं व्याकरण तपासून द्या. गावाच्या बससाठी आगारात अर्ज द्यायचा आहे. सोमवारी जायचं आहे."

खाली काही नव्हतं.

मी बोटाने पडदा वर सरकवला, खाली सरकवला. चष्मा पुसला. मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला. सुनेला हाक मारली, तर तिने एका नजरेत निकाल दिला. "वहीचा फोटो पाठवला असेल. मजकूर हलका असतो, तो लगेच निघतो. फोटो अडकला असेल तिकडे. विचारा त्यांना, कोणतं वाक्य म्हणून."

इथेच माझा स्वभाव आडवा आला. मला परत विचारायची सवय नाही. वर्गात मुलाने अर्धं वाक्य म्हटलं की उरलेलं मी पूर्ण करायचे, आणि मूल मान हलवायचं. तीस वर्षं माना हलताना पाहिल्या की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला सगळं आधीच कळतं. गावाला बस हवी आहे, अर्ज आगारात द्यायचा आहे, आणखी काय असणार त्यात? मी सुनेला म्हटलं, "विचारायचं काय त्यात? अशा अर्जात काय लिहितात ते मला माहीत आहे." आणि झोकात टाइप केलं: "आमच्या गावातील विद्यार्थिनींच्या सोयीसाठी गावापर्यंत स्वतंत्र नवीन बससेवा सुरू करण्यात यावी, ही नम्र विनंती."

मला हे वाक्य फार आवडलं. दोनदा वाचलं. पाठवलं आणि झोपले.

मोबाइलवर एकच टिक दिसत होती. म्हणजे माझ्याकडून मेसेज गेला, पण तिच्यापर्यंत पोचला नव्हता. चहाच्या वेळीही एकच. मला त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्या गावात नेटवर्क नाही, हे मला पुढे कळलं. तलावाच्या बांधापलीकडे एक खडकाळ टेकडी आहे, तिथे एका ठरावीक दगडावर उभं राहिलं तर नेटवर्क धरतं. गावातलं कोणीही मेसेज करायला तिथे चढतं, पाठवायचं ते पाठवतं, आणि उत्तराची वाट न पाहता खाली येतं, कारण घरची कामं पडलेली असतात. उत्तर दुसऱ्या दिवशीच्या चढणीला मिळतं. त्या दिवशी हिने मजकूर पाठवला, मागून वहीचा फोटो लावला, फोटोवर ते गोल चक्र फिरत असतानाच मोबाइल पिशवीत टाकला आणि खाली उतरली. तिच्या हिशेबाने दोन्ही गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास तिचा फोन आला. आवाज तुटत होता.

"बाई, रागावू नका."

"काय झालं?"

"तुमचा मेसेज मले कालच संध्याकाळी भेटला, पुन्हा वर चढून आली होती मी. मंग घरी जाऊन कोऱ्या कागदावर उतरवून काढला. म्हटलं, बाईनं देलं म्हंजे बरोबरच असन. मंग सासूले वाचून दाखवलं. तिले लिवता-वाचता येत नाई, पण ऐकते बराबर. तर ते म्हणे, आपल्याले नवीन बस कायले पायजे? आहे तेच पुढं येऊ दे ना."

नीट ऐकू यावं म्हणून मी कूलर बंद केला.

"बाई, हे माह्यं वाक्य नाई," ती म्हणाली.

तीस वर्षांत हे कोणी मला म्हटलं नव्हतं. आधी राग आला, तोही तिचाच. मग लगेच लाज वाटली, आणि ती बराच वेळ राहिली.

मग तिने सगळं सांगितलं. संध्याकाळची बस आताही येते, पण गावाच्या अलीकडे चार किलोमीटरवर, फाट्यावरून वळून परत जाते. शाळेतून येणाऱ्या मुली तिथे उतरतात आणि जंगलातून चालत येतात. मागच्या वर्षी त्या वाटेवर अस्वल दिसल्यापासून घरचे धास्तावले होते. दोन मुलींची शाळा बंद झाली होती. हिच्या घरातही बोलणं सुरू झालं होतं, की जूनमध्ये पोरीला पाठवायचं नाही. ग्रामसभेने ठराव केला होता, की तीच बस फाट्यावर न वळवता गावापर्यंत आणावी, रस्ता आता पक्का झाला आहे. अर्जाला तो ठराव जोडायचा होता.

"ठरावात एक, अर्जात दुसरं," मी म्हटलं.

"हो ना. साहेब म्हणन, तुमाले नेमकं पायजे काय? अन् नवीन गाडी तर ते देणारच नाई. मंग माह्या पोरीचं काय?"

माझ्या त्या सुरेख वाक्याने एका मुलीची नववी घालवली असती. मी हे तिला तसंच सांगितलं, आडपडदा न ठेवता. "चूक माझी आहे. खाली वाक्य नव्हतं, फोटो आलाच नाही. मी विचारायला हवं होतं. मी मनाने लिहिलं."

"फोटो नाई आला?" ती म्हणाली. मोबाइल कानावरून काढून तिने पाहिलं असावं. "अग्गोबाई. इथी अजून बाण दिसून राह्यला. गेलाच नाई तो. अन् मी म्हणून राह्यली, बाईनं माह्यं वाक्य एवढं काऊन बदलवलं." आणि ती हसायला लागली. मीही हसले. टेकडीवरच्या वाऱ्याचा आवाज मध्येमध्ये येत होता.

मग मी तिला म्हटलं, आता नीट मागायचं कसं ते ठरवू, कारण तुला रोज टेकडी चढायला लावणं बरं नाही. बोलता बोलता आमचं दोघींचं ठरलं. वाक्य फोटोत नाही, मेसेजमध्येच टाइप करायचं, आणि तेही सगळ्यात आधी, 'तपासून द्या' त्याच्यानंतर. म्हणजे मेसेज पोचला तर वाक्यासकटच पोचेल. मग ते कोण वाचणार आहे ते लिहायचं, कारण आगारातल्या साहेबाला लिहायचं वेगळं आणि मैत्रिणीला वेगळं. तुला काय म्हणायचं आहे ते आपल्या बोलीत सांगायचं, म्हणजे मी चूक काढताना अर्थ मोडणार नाही. नुसत्या चुका काढायच्या की वाक्य बदललं तरी चालेल, तेही सांगायचं. आणि टेकडी उतरण्याआधी मेसेज निघाला की नाही ते बघायचं.

"अन् एक सांगू का बाई?" ती म्हणाली.

"सांग."

"वाक्य नाई आलं, तर तुमी काय करसान?"

"विचारीन," मी म्हटलं.

"हां," ती म्हणाली, अगदी मी वर्गात म्हणायचे तसं.

फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत तिचा मेसेज आला. पहिल्याच ओळीत वाक्य होतं: "सध्या फाट्यावरुन परत जानारी संध्याकाळची बस आमच्या गावापर्यंत यावे, म्हणजे आमच्या मुलींची शाळा सुटणार नाही." त्याखाली लिहिलं होतं, "आगाराच्या साहेबाले द्याचं आहे. फक्त चुका काढजा. शेवटचं बदलवू नका, ते आमी सगळ्या बायांनी मिळून लिवलं."

किरकोळ चुका होत्या. दोन शुद्धलेखनाच्या, एक क्रियापदाची. पाच मिनिटांचं काम. पण खरं सांगते, शेवटच्या भागापाशी माझं बोट थांबलं. सरकारी अर्जात असं कोणी लिहीत नाही. 'शैक्षणिक नुकसान टळेल' असं लिहितात. बोट शिवशिवत होतं. सून मागे उभी राहून वाचत होती. मी तीन चुका काढल्या, कुठे काय बदललं ते खाली एकेका ओळीत लिहिलं, आणि शेवटचा भाग तसाच ठेवला. या वेळी ती टेकडीवरच थांबली होती. लगेच दोन टिका आल्या.

सोमवारी ती आणि आणखी चार बाया आगारात गेल्या. त्यानंतर बरेच दिवस काही कळलं नाही. मी विचारलं नाही, पण वाट पाहत होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मोबाइल वाजला की मुलगा म्हणायचा, "आई, बस आली का बघ."

शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा तिचा फोन आला. बस तीन दिवसांपासून गावात येत होती. पहिल्या दिवशी सगळं गाव बघायला गेलं होतं, सासू पाट टाकून बसली होती. पोरगी नववीत गेली. मला इतका आनंद झाला की मी सुनेला हाक मारून फोन स्पीकरवर टाकला.

"साहेबानं अर्ज वाचला ना बाई," ती सांगत होती, "पुरा वाचला. मंग वर पाह्यलं अन् इचारलं, हे कोणं लिवलं?"

मी कान देऊन ऐकत होते. आता माझं नाव येणार, असं मनात आलंच.

"मी म्हटलं," ती म्हणाली, "मी लिवलं."