अंड्यांच्या खोलीतला काटा

संगमनेरजवळ आमची छोटी हॅचरी आहे. अंडी फुटायच्या वेळी हवा कोरडी पडली, तर पिल्लू कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटून बसतं. म्हणून आर्द्रता दाखवणाऱ्या काट्यावर माझा सदा डोळा. नवरा म्हणतो, माझ्याकडंही इतकं बघत जा.

मागच्या थंडीत लेकीचं लग्न ठरलं. तिचा एकच हट्ट होता, मंगलाष्टकं आजोबांनीच म्हणायची. आणि लग्न पंधरा दिवसांवर असताना घरात फ्लू शिरला. आधी नवरा, मग मी, शेवटी मामंजी. त्यांचा ताप उतरला, पण बसलेला आवाज काही परत येईना. लेक दाराआड रडायची आणि मला ते बघवत नव्हतं.

थंडी बाधू नये म्हणून मी मामंजींच्या खोलीच्या खिडक्या लावून हीटर सुरू ठेवला. रोज सकाळी त्यांची जीभ टाळूला चिकटलेली असायची. शेवटी हॅचरीतला एक काटा त्यांच्या खोलीत टांगला, तर तो पार तळाला. त्यांना तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हीटरनं हवा कोरडी होते, नाका-घशातला ओलसर थर सुकतो, आणि त्यात अडकलेले विषाणू बाहेर ढकलायचं काम मंदावतं. खोकल्याचे थेंब सुकून हलके होतात आणि हवेत जास्त वेळ तरंगतात. फ्लूचा विषाणू तर कोरड्या हवेत जास्तच टिकतो.

एवढं ऐकल्यावर मी थांबते कशाला? ओल्या चादरी, पाण्याची घमेली, उकळती किटली. पिल्लं निघतानाचा सत्तर टक्क्यांचा आकडा गाठूनच दम घेतला. दोन दिवसांत खिडकीच्या काचांवरून पाणी ओघळू लागलं, कोपऱ्यात बुरशीचा वास आला आणि मामंजींचा खोकला वाढला.

"सूनबाई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मी काय अंडं हाय का?"

डॉक्टरीणबाई हसल्या. माणसाच्या खोलीला चाळीस ते साठच्या मधला आकडा बरा, म्हणाल्या. फार दमट हवेतही काही विषाणू तग धरतात, वर बुरशी वेगळीच. आणि दुपारी खिडकी उघडायची, म्हणजे खोलीतली आजारी हवा बाहेर जाते. अति तिथं माती, हे मी पिल्लांच्या बाबतीत पाळते आणि घरात विसरते.

मग घमेली उचलली, एकच ओला टॉवेल ठेवला, हीटर कमी केला. काटा पन्नाशीजवळ स्थिरावला. मामंजी आवाजाला आराम म्हणून कोमट पाणी पीत गप्प बसून राहिले. सकाळची घशातली टोचणी कमी झाली, मग शब्द फुटू लागले. हवेनं फ्लू बरा झाला असं मी म्हणणार नाही, तो त्याच्या वेळेनं गेला. पण घशाला सावरायला जागा मिळाली, एवढं नक्की.

लग्नात दुसऱ्या अष्टकाला त्यांचा आवाज चिरकला. ते थांबले, घोटभर पाणी प्यायले, आणि शेवटचं 'सावधान' मांडवाच्या टोकापर्यंत गेलं. लेक अंतरपाटाआड हसत रडत होती.

पाहुणे पांगल्यावर मी काटा काढायला त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे इथंच," ते म्हणाले. "पिल्लांना दुसरा घे. मला अजून नातवाच्या लग्नात म्हनायचं हाय."